काकांच्या उघड्या डोक्याच्या फोटोवर हॅट चढवली, त्याची पूर्ण हकीकत

आमच्या गावच्या विकास सोसायटीने सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेत ठराव केला की माजी चेअरमन लोकांचे फोटो सभागृहात लावायचे. 26 सप्टेंबर 2025 ची तारीख असलेलं पत्र काकूंच्या नावाने आलं. त्यात लिहिलं होतं की 12 × 18 इंचाचा फ्रेम केलेला फोटो 31 ऑक्टोबरच्या आत द्या, सोबत वारस म्हणून संमतीचा अर्ज, आणि फाईल पेन ड्राईव्हवर. काकू म्हणाल्या, फोटो हॅटमधलाच हवा. काका पुरंदरला अंजिराच्या बागेत आयुष्यभर ती मळकट बदामी रंगाची सुती हॅट घालून फिरले, गावात त्यांना लांबून ओळखायचे ते हॅटवरूनच.

अडचण अशी की हॅट घातलेले जेवढे फोटो आहेत ते सगळे व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेले, छोटे, चेहरा धुरकट. आणि एकच फोटो खरोखर चांगला आहे, 10 फेब्रुवारी 2024 चा, वाड्याच्या अंगणात उन्हात उभे, कॅमेऱ्याकडे सरळ बघतायत, पण डोकं उघडं. काका त्याच वर्षी दिवाळीनंतर गेले. त्यामुळे त्या फोटोवर हॅट चढवायची हे काम माझ्याकडे आलं. मी हौशी फोटो काढते आणि फोटोवर काम करायला GIMP हे सॉफ्टवेअर वापरते, एवढीच माझी तयारी. हे सगळं लिहून ठेवतेय कारण शोधलं तेव्हा हॅट कापून डोक्यावर कशी बसवायची हे खूप ठिकाणी सापडलं, पण उन्हातल्या चेहऱ्यावर हॅटच्या कडेची सावली कशी पडते यावर नीट सांगणारं फार कमी मिळालं. आणि फोटो खरा वाटतो की चिकटवलेला वाटतो ते ठरतं सावलीवरच, हॅट कितीही स्वच्छ कापलेली असो.

पहिली संध्याकाळ मी हॅटला हातच लावला नाही, फक्त फोटो वाचत बसले. आधी फाईलमधली माहिती काढली:

```
exiftool -DateTimeOriginal -FocalLength -Model kaka.jpg
```

वेळ आली दुपारी 3:50, लेन्स 50 मिलिमीटर. तारीख, वेळ आणि गावाचं ठिकाण suncalc.org वर टाकलं की सूर्य क्षितिजापासून किती वर होता ते कळतं, इथे आलं साधारण 35 अंश. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं लावलेलं असू शकतं म्हणून हा आकडा फोटोतूनच पडताळायचा, आणि त्यासाठी चेहऱ्यावर एक गोष्ट हजर असतेच, ती म्हणजे नाक. ऊन काकांच्या उजव्या बाजूने म्हणजे फोटोत बघताना डावीकडून येत होतं आणि नाकाची सावली उजव्या गालावर तिरपी पडली होती. (इथून पुढे डावं-उजवं फोटो बघणाऱ्याचं.)

ती सावली मोजायला चेहऱ्याचं माप लागतं. मोठ्या माणसाच्या डोळ्यातलं बुबुळ, म्हणजे रंगीत भाग, आडवं जवळपास सगळ्यांचं पावणेबारा मिलिमीटरच्या आसपास असतं, माणसामाणसांत फरक फार थोडा. काकांचं बुबुळ फोटोत 94 पिक्सेल भरलं, म्हणजे चेहऱ्यावरचा एक सेंटिमीटर बरोबर 80 पिक्सेल. हा एक आकडा कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवा, पुढे प्रत्येक ठिकाणी लागतो.

मग नाकाच्या टोकापासून त्याच्या सावलीच्या टोकापर्यंत रेघ मारली. सावली सव्वा सेंटिमीटरच्या आत-बाहेर उजवीकडे आणि दीड सेंटिमीटरच्या थोडी जास्त खाली सरकली होती. खाली आणि बाजूला यांचं प्रमाण साधारण 1.4 ला 1. उन्हाची उंची 35 अंश आणि चेहऱ्याच्या सरळ रेषेपासून सूर्य 30 अंश बाजूला असेल तर हिशोबाने हेच प्रमाण येतं, म्हणजे घड्याळ बरोबर होतं.

आता यातली मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट. ऊन एकाच दिशेने येतं, म्हणून चेहऱ्यावरच्या प्रत्येक सावलीची सरकण्याची दिशा एकच असते, नाकाची जी तीच हॅटच्या कडेची. फक्त लांबी बदलते, आणि ती अवलंबून असते कड त्या जागेच्या किती पुढे आहे यावर. म्हणजे नाकाची ती तिरपी रेघ हीच तुमची पट्टी. कडेच्या कुठल्याही बिंदूपासून त्या रेघेला समांतर जा, सावली त्याच रेघेवर कुठेतरी पडणार. किती लांब पडणार तेवढं काढायचं राहतं.

काकांची हॅट घरातच आहे. टेपने मोजली, कपाळासमोर कड 7 सेंटिमीटर पुढे येते. 35 अंशाचा टॅन 0.7 आणि 30 अंशाचा कोसाइन 0.87, त्यामुळे कपाळाच्या सपाटीवर सावली कडेच्या पातळीपासून 7 × 0.7 ÷ 0.87 म्हणजे साधारण साडेपाच सेंटिमीटर खाली उतरणार. जुन्या व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोंत बघितलं, काका हॅट भुवयांच्या वर दोन बोटं, अंदाजे दोन सेंटिमीटरला घालायचे. म्हणजे डोळे पूर्ण सावलीत आणि सावलीची रेषा गालाच्या हाडावर, डोळ्याच्या दीड सेंटिमीटर खाली. हे एकदा कळलं की मन शांत होतं, कारण नाहीतर माणूस अंदाजाने ब्रश फिरवत राहतो आणि प्रत्येक वेळी काहीतरी खटकत राहतं पण काय ते सापडत नाही.

मात्र ही रेषा गुळगुळीत कमान नसते, आणि बहुतेक जोडलेल्या फोटोंत घोळ होतो तो इथेच. नाक चेहऱ्याच्या पुढे आलेलं असतं, म्हणजे नाकापासून कडेचं अंतर कमी, म्हणजे नाकावर सावली कमी खाली उतरते. काकांच्या नाकाचा दांडा डोळ्यांच्या जरा खाली सव्वा सेंटिमीटर पुढे आहे असं धरलं तर तिथे सावली कडेपासून साडेचार सेंटिमीटरवरच संपते, बाजूच्या गालावर मात्र साडेपाचला. एक सेंटिमीटरचा फरक, म्हणजे 80 पिक्सेल. त्यामुळे रेषा डाव्या गालावरून येते, नाकाच्या कडेला वर चढते, दांड्यावरून जाते आणि पलीकडे एकदम खाली घसरते. शिवाय उन्हाकडच्या गालावर ती थोडी वर राहते आणि पलीकडच्या गालावर थोडी खाली जाते, कारण तो गाल उन्हापासून वळलेला असतो. आणि नाकाचा खालचा भाग अजून उन्हातच असल्यामुळे त्याची स्वतःची सावली उजव्या गालावर कायम राहते आणि हॅटच्या सावलीला जाऊन मिळते. मूळ फोटोतली ती सावली पुसायची नाही, वरचा भाग हॅटच्या सावलीत बुडवायचा, बस.

गणित बरोबर असलं तरी मला डोळ्यांनी बघायचं होतं, आणि हॅटचा फोटो तर काढायचाच होता. इंटरनेटवरून हॅट उचलण्यापेक्षा खरी हॅट त्याच उन्हात काढणं हजार पटीने सोपं, कारण मग हॅटवरचा उजेड आपोआप जुळतो. चुलत दादाची ठेवण काकांसारखीच आहे, तोच उभा राहिला. सप्टेंबरच्या शेवटी आभाळ हटत नव्हतं, म्हणून थांबावं लागलं, ढगाळ उजेडात काढलेल्या हॅटवर नंतर ऊन आणता येत नाही. शेवटी 5 ऑक्टोबरला रविवारी चांगलं ऊन पडलं.

त्यासाठी फेब्रुवारीची वाट बघायची गरज नसते, हे सांगायलाच हवं. 35 अंशावरचा सूर्य रोज दोनदा मिळतो, एकदा सकाळी एकदा दुपारी. दिशा वेगळी असते पण माणूस वळवता येतो की. त्या दिवशी गावाकडे सकाळी नऊच्या सुमारास 35 अंश होते. सकाळी सूर्य भरभर चढतो, वीस मिनिटांत चार-पाच अंश, त्यामुळे कॅमेरा, स्टूल, सगळं आधी मांडून ठेवलं. दादाला त्याच अंगणात उभं केलं आणि त्याच्या नाकाची सावली काकांच्या फोटोतल्यासारखी तिरपी दिसेपर्यंत हळूहळू वळवलं. काकांचा फोटो मोबाईलवर शेजारी उघडा ठेवला होता. जागा तीच घेण्याचं कारण जमीन. अंगणात मुरूम आहे, तांबूस, आणि त्याच्यावरून उडालेला उजेड हॅटच्या खाली शिरतो. हिरवळीवर किंवा सिमेंटवर काढलं असतं तर सावलीचा रंगच वेगळा आला असता.

कॅमेऱ्याची उंची काकांच्या फोटोत डोळ्यांच्या पातळीला होती, तशीच ठेवली, कारण उंची बदलली की कडेची खालची बाजू किती दिसते ते बदलतं आणि हॅट वाकडी बसल्यासारखी वाटते. अंतर जुळवायला परत बुबुळ कामाला आलं, तीच 50 ची लेन्स लावून दादाचं बुबुळ 94 पिक्सेल येईपर्यंत पुढे-मागे झाले, ते सव्वापाच फुटांच्या आसपास निघालं. प्रत्येक जागी दोन फोटो घेतले, एक हॅट घालून आणि एक काढून, दादाने मान न हलवता. हा दुसरा फोटो लोक घेत नाहीत पण तोच पुढे मोजायला लागतो. खर्च काही नाही, दादाचा नाश्ता मात्र लांबला.

त्या जोडीच्या फोटोंवरून सावली किती काळी हे कळलं. दादाचा गाल उन्हात लाल 205, हिरवा 150, निळा 120, आणि हॅटच्या सावलीत तीच जागा 98, 68, 52 च्या आसपास. फोटोग्राफीच्या भाषेत उजेड निम्मा झाला की एक स्टॉप, आणि हे आकडे उजेडाच्या सरळ प्रमाणात नसल्यामुळे हा फरक निघतो सव्वादोन ते अडीच स्टॉपमधला, मी 2.3 धरला. मग काकांच्या फोटोत नाकाच्या सावलीत तेच मोजलं, जवळपास तेवढंच. ही तपासणी कुणालाही करता येते, दुसरा फोटो नसला तरी, कारण उन्हातल्या कुठल्याही पोर्ट्रेटमध्ये नाकाखाली किंवा हनुवटीखाली खरी सावली असतेच. नवीन सावली त्या सावलीपेक्षा फार गडद किंवा फार फिकी झाली की डोळा लगेच ओळखतो.

दादाच्या फोटोत अजून एक गोष्ट दिसली जी मला आधी लक्षात आली नसती. सावली सगळीकडे एकसारखी नव्हती. कडेला लागून असलेलं कपाळ सगळ्यात गडद, कारण तिथे वरून आकाश पूर्ण झाकलं जातं, आणि खाली गालाकडे येताना ती हळूहळू उजळत जाते, कारण तिथे जमिनीवरून आणि पांढऱ्या शर्टावरून उजेड पोचतो. रंगही निळसर नव्हता. उघड्यावरची झाडाची किंवा भिंतीची सावली आकाशामुळे निळी दिसते म्हणून लोक सवयीने निळा घालतात, पण रुंद हॅटखाली आकाश नसतंच, मुरूम असतो, त्यामुळे भुवयांच्या खालची बाजू, नाकपुडीच्या वरचा भाग हे उबदार, तांबूस दिसतात.

आता GIMP मधलं काम. आधी Image मध्ये जाऊन Precision 16 bit केलं, नाहीतर गडद भागात पट्टे दिसतात. हॅट Paths ने कापून वेगळ्या लेयरवर घेतली. बसवताना चेहऱ्याकडे बघायचं नाही, कवटीकडे बघायचं. केसांसकट डोक्याचा माथा हॅटच्या आत मावला पाहिजे आणि कानांच्या वर डोकं जेवढं रुंद तेवढंच हॅटचं तोंड रुंद. दोन्ही फोटोंचं माप सारखं असल्यामुळे मला हॅट लहान-मोठी करावीच लागली नाही, फक्त काकांची मान किंचित डावीकडे झुकलेली आहे तेवढी फिरवली. कानावरचे केस हॅटखाली दाबले जातात, ते बाहेर फुगलेले तसेच राहिले तर हॅट तरंगते, म्हणून ते Heal आणि Clone ने आत घेतले.

मग चेहरा, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला, संध्याकाळमागून संध्याकाळ. सावली नुसती वर ओढली की होत नाही, आधी खालचं ऊन काढावं लागतं. काकांच्या कपाळावर उन्हाची चकाकी होती, ती तशीच ठेवून वर काळोख टाकला तर करड्या रंगाचा डाग दिसतो, सावलीत चकाकी कुठून येणार. उलट भुवयांखाली डोळ्यांच्या खोबणीत मूळ उन्हाची सावली आधीच होती, तिच्यावर अजून 2.3 स्टॉप टाकले तर डोळ्यांच्या जागी दोन काळी भोकं. म्हणून सावलीत जाणारा सगळा भाग आधी सपाट करायचा, म्हणजे जणू ढगाखाली काढलाय असा.

त्यासाठी चेहऱ्याच्या लेयरची कॉपी करून Filters मधल्या Enhance मधून Wavelet Decompose चालवलं. ते त्वचेची बारीक रेघ-छिद्रं वेगळ्या लेयरांवर ठेवतं आणि उरलेला मऊ रंग Residual नावाच्या लेयरवर. त्या Residual वर मऊ ब्रशने, अपारदर्शकता दहा-पंधरा टक्के ठेवून, शेजारचा रंग उचलून चकाकी बुजवली आणि खोबणी उजळली. सुरकुत्या वरच्या लेयरांवर असल्यामुळे हलत नाहीत. काकांच्या कपाळावरच्या तीन आडव्या आठ्या जशाच्या तशा राहिल्या, काकूंनी त्या आधी तपासल्या. चकाकीत जिथे रंग जळून पूर्ण पांढरा झाला असेल तिथे मात्र त्वचेचा पोत उरलेलाच नसतो, तो शेजारून Clone करावा लागतो.

हे झाल्यावर सावली अगदी सोपी आहे. सपाट केलेल्या चेहऱ्याची अजून एक कॉपी, तिच्यावर Colors मधलं Exposure −2.3, आणि त्या लेयरला काळा Layer Mask. आता मास्कवर जिथे पांढरं रंगवाल तिथे सावली. सपाट चेहरासुद्धा त्याच मास्कखाली लपलेला असल्यामुळे उन्हातला खालचा चेहरा मूळ फोटोतलाच राहतो, त्याला हात लागत नाही. काळा रंग Multiply ने टाकण्यापेक्षा Exposure मला बरं वाटलं कारण ते उजेड खरोखर कमी केल्यासारखं वागतं आणि त्वचा राखाडी पडत नाही. मग त्या लेयरवर Color Balance ने थोडा लाल-पिवळा वाढवला आणि वर कपाळाकडून खाली गालाकडे जाणारा हलका ग्रेडियंट दिला.

मास्कची रेषा मी Paths ने काढली, दादाच्या फोटोतली रेषा अर्धपारदर्शक ठेवून तिच्या आधाराने, पण नाक काकांचं म्हणून नाकावरचा चढ वरच्या हिशोबाने. बाकी फरक पडत नाही असं वाटतं पण काकांचं नाक दादापेक्षा पुढे आहे आणि दादाची रेषा जशीच्या तशी टाकल्यावर नाक चपटं दिसायला लागतं. सावली चेहऱ्याचा आकार सांगते, चुकीची सावली चुकीचा आकार सांगते.

आता रेषा किती मऊ ठेवायची, हा सगळ्यांचा प्रश्न असतो. सूर्य आकाशात अर्धा अंश रुंद दिसतो, त्यामुळे सावलीच्या कडेचा धूसर पट्टा हा हॅटच्या कडेपासूनच्या अंतराच्या साधारण शंभराव्या भागाएवढा असतो. कडेपासून गालापर्यंत तिरपं अंतर दहाएक सेंटिमीटर, म्हणजे पट्टा एक मिलिमीटर, म्हणजे माझ्या फोटोत 8 पिक्सेल. मास्कवर Gaussian Blur अडीच-तीनचं लावलं की तेवढा पट्टा मिळतो. यूट्यूबवर जे तीस-चाळीसचं लावतात त्याने सावली धुरासारखी दिसते, अशी मऊ सावली ढगाळ उजेडात पडते आणि तेव्हा नाकाची सावलीही मऊच असते. नियम एकच, नाकाच्या सावलीची कड बघा. कानशिलाजवळ हॅटची कड त्वचेच्या अगदी जवळ असते म्हणून तिथे मी ब्लर एकपर्यंत आणलं. आणि रेषेच्या आतल्या अंगाने एक बारीक लालसर झाक दिली, उन्हाचा उजेड त्वचेत शिरून सावलीत थोडा पाझरतो त्याची, जेमतेम दिसेल इतकीच.

डोळे शेवटी घेतले. उन्हात प्रत्येक बुबुळात सूर्याचा एक टाचणीएवढा पांढरा ठिपका असतो, डोळा सावलीत गेला की तो असूच शकत नाही, म्हणून काढला. पण काहीच न ठेवता सोडलं तर डोळे मेल्यासारखे दिसतात. दादाच्या फोटोत मोठं करून बघितलं, हॅटखालच्या डोळ्यात वरचा अर्धा भाग कडेमुळे काळा आणि खालच्या अर्ध्यात उजळ अंगणाचं फिकट, पसरट प्रतिबिंब. तेच काकांच्या डोळ्यात रंगवलं. एक गोष्ट मात्र बदलता येत नाही, उन्हाने मिचकावलेले डोळे. सावलीतला माणूस मिचकावत नाही, त्यामुळे फोटो निवडतानाच डोळे मोकळे असलेला घ्या, काकांना शेतात राहून उन्हाची सवय होती म्हणून निभावलं.

13 ऑक्टोबरला पहिला नमुना काकूंना दाखवला. त्या बराच वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "हॅट त्यांचीच आहे गं, पण डोळे नीट दिसू देत. सभागृहात लोक लांबून बघणार." बरोबर होतं त्यांचं. यावर दोन वाटा होत्या. हॅट मागे सरकवली तर सावलीची रेषा वर जाते, पण माझ्या हिशोबात ती बरोबर खालच्या पापणीवर येत होती, आणि सावलीची कड डोळ्यातून किंवा पापणीवरून जाणं सगळ्यात वाईट, अर्धा डोळा उजळ अर्धा काळा, चेहरा फुटल्यासारखा दिसतो. एकतर पूर्ण वर न्या नाहीतर पूर्ण खाली. म्हणून हॅट होती तिथेच ठेवली आणि सावली 2.3 वरून 1.9 वर आणली, तीही फक्त डोळ्यांच्या पट्ट्यात, कपाळ तसंच गडद. अंगण उजळ आणि शर्ट पांढरा असल्यामुळे एवढं खपतं. 1.5 करून बघितलं तर हॅट कागदाची वाटायला लागली, ती मर्यादा.

चेहऱ्याशिवाय बाकीच्या सावल्या विसरू नका. हॅटची सावली पलीकडच्या कानावर पडते, खांद्यावर एक तुकडा पडतो, मानेवर हनुवटीच्या सावलीत मिसळते. खांद्यावरची मला दादाच्या फोटोतूनच कळली, तिथे अंतर जास्त म्हणून कड जास्त मऊ, वीसेक पिक्सेल. तपासायला मी फोटो आडवा उलटा करून बघायचे आणि अगदी लहान, अंगठ्याएवढा करून बघायचे. लहान केल्यावर जिथे नजर अडते तिथेच काहीतरी राहिलेलं असतं.

प्रिंटचं वेगळंच. स्क्रीनवर सावली छान दिसते आणि कागदावर डोळे गायब होतात, कारण कागद मागून उजळत नाही. म्हणून 12 × 18 आधी देऊ नका. मी फक्त चेहऱ्याचा भाग 4 × 6 मध्ये तीन वेगवेगळ्या उजेडाचा करून छापून घेतला, 15 रुपयाला एक, आणि प्रिंट खिडकीपाशी नाही तर ट्यूबलाइटखाली बघितली, सभागृहात तीच आहे. मधला निवडला, सावल्या स्क्रीनपेक्षा थोड्या उचललेल्या. 24 मेगापिक्सेलचा उभा फोटो 4000 × 6000 असतो आणि 12 × 18 चं प्रमाण तेच, त्यामुळे काही कापावं लागलं नाही. फाईल sRGB जेपीजी दिली आणि लॅबवाल्याला सांगितलं की ऑटो करेक्शन बंद ठेवा, कारण ते मशीन सावली "दुरुस्त" करून चेहरा सपाट करून टाकतं. दिवाळीत लॅब बंद होती म्हणून प्रिंट 25 ला मिळाली. मॅट कागदावर 180 रुपये, काचेसकट फ्रेम 850. चकचकीत कागद सभागृहात नको, गडद भागात समोरची खिडकी दिसते.

अर्जाबद्दल. सोसायटीच्या सचिवांना मी आधीच फोन करून सांगितलं की हॅट नंतर जोडलेली आहे, चालेल ना. ते म्हणाले, ओळखपत्राला नाही चालणार, इथे चालेल, पण अर्जात लिहा. म्हणून काकूंच्या संमतीपत्रात एक ओळ घातली की मूळ छायाचित्र 10 फेब्रुवारी 2024 चं असून हॅट त्यांचीच, ऑक्टोबर 2025 मध्ये संगणकावर जोडली आहे, आणि हीच ओळ प्रिंटच्या मागे पेन्सिलने लिहिली. पेन ड्राईव्हवर दोन्ही फाईल दिल्या, हॅटची आणि उघड्या डोक्याची, म्हणजे पुढे कुणाला मूळ बघायचं असेल तर मिळेल. 28 ऑक्टोबरला दादाने सगळं कार्यालयात जमा केलं आणि जावक-आवक रजिस्टरचा नंबर टाकलेली पोच घेतली. अर्जाच्या दोन प्रती न्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेता येतो. GIMP ची थरांसकट xcf फाईल माझ्याकडे जपून ठेवलीय, कारण काकू आता म्हणतायत की घरातल्या फोटोसाठी डोळे अजून थोडे उजळ करून दे.